सुऱ्यांचा सूर्य: पाट्या वाचणाऱ्या यंत्राला आपण गुण कसे देतो

या वेळची पोस्ट एका शब्दावर आहे. माझ्या फोटोंच्या साठ्यात धार लावणाऱ्याच्या दुकानाची एक पत्र्याची पाटी आहे. पिवळी पार्श्वभूमी, लाल अक्षरं, त्यांना काळी शॅडो. मजकूर: ‘सुऱ्या, कात्र्यांना धार लावून मिळेल’. पहिल्या शब्दाची शिरोरेषा पेंटरने सरळ न ओढता तिथे एक लांब सुरी काढली आहे. डावीकडे मूठ, उजवीकडे टोक, आणि पात्याला अक्षरं लटकलेली. शिवाय ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या र चं शेपूट त्याने हौसेने वर ओढून पात्याला टेकवलंय.

तुम्ही आम्ही ही पाटी चालत्या रिक्षातून वाचू. यंत्राने वाचून साध्या मजकुरात उतरवायची म्हटलं, की प्रश्न सुरू होतात. पण मला आज यंत्रापेक्षा परीक्षकाबद्दल बोलायचंय. फोटोतलं लेखन ओळखण्यावरचे निबंध वाचताना तुम्हाला शेवटी एक तक्ता दिसतो, आणि त्यात दोन आकडे असतात: किती शब्द पूर्ण बरोबर आले, आणि किती अक्षरं चुकली. देवनागरी पाटीसाठी हा दुसरा आकडा, जसा तो सर्रास मोजला जातो तसा, फसवा आहे. थोडाथोडका नाही. कधीकधी तो बरोबर उत्तराला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त शिक्षा करतो. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून मोजूनच दाखवतो.

अक्षरांची चूक मोजायची प्रचलित रीत अशी: खऱ्या उत्तरापासून यंत्राच्या उत्तरापर्यंत जायला किमान किती बदल लागतात ते मोजायचं (एक चिन्ह बदलणं, घालणं किंवा काढणं म्हणजे एक बदल) आणि त्याला खऱ्या उत्तरातल्या चिन्हांच्या संख्येने भागायचं. यातलं ‘चिन्ह’ म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. ते युनिकोडचं एकेक सांकेतिक स्थान. आता ‘सुऱ्या’ हा शब्द संगणकात कसकसा लिहिता येतो ते पाहा:

```
A  U+0938 U+0941 U+0931 U+094D U+092F U+093E
B  U+0938 U+0941 U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
C  U+0938 U+0941 U+0930 U+093C U+094D U+092F U+093E
D  U+0938 U+0941 U+0930 U+094D U+092F U+093E
```

A मध्ये ऱ (U+0931) वापरलंय. B मध्ये साधा र, हलन्त आणि त्यानंतर U+200D नावाचं न दिसणारं जोडचिन्ह आहे. ही युनिकोडमधली जुनी पद्धत. आजही चालते आणि अनेकांच्या कीबोर्डमधून तेच बाहेर पडतं. C मध्ये साध्या र ला खाली नुक्ता देऊन ऱ बनवलाय. नीट बनवलेल्या फाँटमध्ये तिन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात: सुऱ्या. D मात्र वेगळा शब्द आहे. त्यात रफार आहे: सुर्या. म्हणजे सुऱ्या गेल्या आणि ऱ्हस्व उकाराचा, चुकीच्या शुद्धलेखनाचा सूर्य आला.

समजा परीक्षकाच्या कागदावर A आहे. यंत्राने B दिलं तर किती बदल? ऱ चा र झाला, एक. U+200D जास्तीचं आलं, दोन. सहापैकी दोन, म्हणजे ३३ टक्के चूक. C दिलं तरी तेच: एक बदल, एक भर, ३३ टक्के. आणि D दिलं तर? फक्त ऱ च्या जागी र. सहापैकी एक, १७ टक्के. ज्या यंत्राने पाटी अचूक वाचली त्याची चूक ३३ टक्के, आणि ज्याने धारवाल्याच्या दुकानात सूर्य उगवला त्याची १७. शब्द पूर्ण बरोबर की नाही, या दुसऱ्या मापाने पाहिलं तर B, C आणि D तिघांनाही शून्य. म्हणजे एक माप उलटं दाखवतं आणि दुसऱ्याला फरकच दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मोजण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या, त्यात काय मोठंसं! बरोबर आहे, आणि युनिकोडमध्ये त्यासाठी NFC नावाची सोय आहेही. पण ती फक्त C ला A मध्ये आणते. B ला ती हातही लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने A आणि B हे ‘समतुल्य’ नाहीत, फक्त सारखे दिसतात. आणि इथे एक जास्त वाईट गोष्ट घडते. मजकूर स्वच्छ करायच्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ असते ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’. B मधलं U+200D काढलं की उरतं ते नेमकं D. यंत्राने बरोबर वाचलेला शब्द आपणच साफसफाईत बिघडवतो, आणि चूक त्याच्या नावावर मांडतो. परीक्षकाच्याच कागदावर B असेल तर आणखी मजा: साफसफाईनंतर प्रमाण उत्तरच सूर्याचं होतं, आणि सुऱ्या लिहिणारं यंत्र नापास. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी B ला A करायचं, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची:

```python
import re, unicodedata

def sarkha(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = re.sub("(?<!\u094D)\u0930\u094D\u200D",
               "\u0931\u094D", s)
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return re.sub("[\u200C\u200D]", "", s)
```

मधल्या ओळीतला तो `(?<!\u094D)` म्हणजे ‘याच्या आधी हलन्त नसेल तरच’. तो पाटीवरच्या दुसऱ्या शब्दासाठी आहे. ‘कात्र्यांना’मध्ये र आधीच त ला जोडला गेलाय, तिथे अर्धा र काढायचा नसतो. ती अट नसती तर कुणी त्या जागी जोडचिन्ह टाकलेलं असताना आपण त्ऱ्य असं काहीतरी अगम्य तयार केलं असतं. त्याखालची ओळ ॲ साठी आहे. ॲ हे स्वतंत्र चिन्ह (U+0972) युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने अनेक जण अजूनही अ वर चंद्र काढून अॅ लिहितात. दिसायला जवळपास एकच, मोजायला वेगळे, आणि NFC इथेही काही करत नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांवर इंग्रजी नावं देवनागरीत लिहिलेली जास्त दिसतात, त्यामुळे ॲक्वा, ॲक्सेसरीज यांची पाट्यांवर चलती आहे. ॲ ची ही गफलत म्हणून किरकोळ राहत नाही.

आता मुळाकडे येऊ. यंत्र अर्धा र आणि रफार यात गोंधळतं कशामुळे? पुस्तकाच्या छपाईत दोन्ही ओळखायची अगदी सोपी खूण आहे: रफार शिरोरेषेच्या वर असतो, अर्धा र शिरोरेषेच्या खाली, य किंवा ह च्या डाव्या कुशीत. रेषेच्या वर शाई आहे की नाही एवढं पाहिलं की काम झालं. पाटीवर ही खूणच आधी जाते. शिरोरेषा हीच पेंटरची खेळायची जागा असते. कुणी ती काढतच नाही, कुणी लाटेसारखी काढतो, कुणी अख्ख्या नावावर एकच जाड पट्टा ओढतो (मग दोन शब्दांमधली मोकळी जागाही गायब), आणि आमचा पेंटर तिथे सुरी काढतो. सुरीची मूठ वर फुगलेली आहे, म्हणजे ‘रेषेच्या वर’ रंग आलाच. अर्ध्या र चं शेपूट पात्याला टेकलंय. त्यात काळ्या शॅडोमुळे प्रत्येक फराट्याला एक जुळा भाऊ.

यात आकाराचा प्रश्न मिसळा. सीआरएनएन घराण्यातली यंत्रं शब्दाचं कातरलेलं चित्र साधारण ३२ पिक्सेल उंचीचं करून घेतात. ‘सुऱ्या’ला खाली उकार आहे, वर सुरी आहे, त्यामुळे मधल्या अक्षराच्या अंगाला १६-१८ पिक्सेल उरतात. अर्धा र त्यातले रुंदीला तीन-चार. एवढ्या ठिपक्यांत वळण, शॅडो आणि पातं वेगळं करायचं. इंग्रजीसाठी ३२ पुरतात, कारण तिथे अर्थ बदलणारी चिन्हं अशी कोपऱ्यात बसत नाहीत. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असे तीन मजले एकाच पट्टीत बसवायचे असतात, तरी उंची तीच ठेवायची ही रूढी निव्वळ आळसाने चालत आली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. उंची ४८ किंवा ६४ करून पाहणं हा एका दुपारचा प्रयोग आहे.

दुसरं कारण शिकवणीचं. खऱ्या पाट्यांचे फोटो कमी आणि त्यांचा मजकूर हाताने उतरवणं महाग, म्हणून यंत्राला बहुतेक धडे कृत्रिम चित्रांवर देतात: शब्दांची यादी घ्यायची, फाँटमध्ये उमटवायची, वाकवायची, रंग-सावली घालायची. २०१७ साली हैदराबादच्या आयआयआयटीने देवनागरी, तेलुगू आणि मल्याळम पाट्यांचा जो संच काढला (आयआयआयटी-आयएलएसटी), त्याबरोबरचे प्रयोगही असेच कृत्रिम चित्रांवर शिकवलेले होते. त्या कामाचं मोल मी कमी करत नाही. त्याआधी तुलना करायला सामायिक असं फारसं काही नव्हतंच. पण तेव्हापासून ‘देवनागरी’ या नावाखाली शब्द बहुतांशी हिंदीचे असतात. २०१९ च्या आयसीडीएआर बहुभाषिक स्पर्धेत दहा भाषा होत्या, देवनागरीतली एकच: हिंदी. आणि हिंदीत हा अर्धा र नाहीच. हिंदी शब्दयादीवर शिकलेल्या यंत्राने ऱ् जन्मात पाहिलेला नसतो. काहींच्या उत्तराच्या चिन्हसंचात U+0931 नसतंच, म्हणजे त्याला तो शब्द लिहिण्याची परवानगीच नाही! अशा यंत्राच्या हाती सुऱ्या सापडल्या, की ते बिचारं सगळ्यात जवळचं जे माहीत आहे ते देतं. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, तिथेही हेच होतं: फाँटमध्ये मराठी वळण असूनही चित्र बनवताना भाषा ‘मराठी’ अशी सांगितली नाही, तर हिंदी वळण उमटतं. पण तिथे निदान अर्थ बदलत नाही.

मग सजावटी फाँट घालून शिकवा, असा सल्ला मिळतो. घालावेतच. मोदकसारखा गुबगुबीत फाँट, ज्यात अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ मिटलेली असते, किंवा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला यात्रा वन, हे फुकट उपलब्ध आहेत. हनीफ कुरेशी यांनी दिल्लीत सुरू केलेल्या हँडपेंटेडटाइप प्रकल्पात तर पेंटरांची अक्षरंच फाँटमध्ये उतरवली आहेत. पण फाँट कितीही मोकळाढाकळा असो, त्यातला ‘या’ प्रत्येक वेळी तोच असतो. पेंटरचा नसतो. ओळ संपत आली की तो अक्षरं चेपतो, उकाराला जागा नसली की अक्षराच्या पोटात घालतो, आणि शेवटच्या वेलांटीचा फराटा सगळ्या नावाखालून परत पहिल्या अक्षरापर्यंत नेतो. तो शब्द पाहून अक्षर ठरवतो. फाँट शब्द पाहत नाही. जोडाक्षरांचे काही नियम सोडले, तर शेजारी कोण आहे याचं त्याला सोयरसुतक नसतं. त्यामुळे मोदकवर उत्तम वागणारं यंत्र सुरीच्या पात्यापुढे अडखळलं तर ‘फाँट कमी पडले, आणखी शंभर घाला’ हा निष्कर्ष बरोबर नाही.

एव्हाना तुमच्या मनात आलं असेल की माणूसही ही पाटी निव्वळ आकारावरून वाचत नाही. अगदी खरं. दुकान धारेचं, पुढे कात्र्या, वर सुरीचं चित्र. मग पहिला शब्द दुसरा कुठला असणार? यंत्रालाही मराठीचं ज्ञान दिलं तर तेही असाच अंदाज लावेल आणि ‘सुऱ्या’ देईल. पूर्ण गुण. पण थांबा. याच गल्लीत दुसऱ्या पेंटरने खरोखरच रफार काढून ‘सुर्या’ लिहिलं असेल तर? आणि असं लिहिणारे खूप आहेत. ऱ्य आणि र्य मधला फरक हा शाळेत शिकून विसरण्याच्या यादीत बऱ्यापैकी वर असतो. भाषा चांगली येणारं यंत्र ती पाटीही ‘सुऱ्या’ अशीच देईल. ते वाचन नव्हे, दुरुस्ती आहे.

हे वाईट की चांगलं, हे तुम्हाला मजकूर कशासाठी हवाय त्यावर आहे. नकाशात दुकान शोधायचं असेल तर दुरुस्त रूप सोयीचं. ‘दूध’ शोधणाऱ्याला ‘दुध डेअरी’ सापडली पाहिजे. पण पाट्यांवरच्या लेखनाचा अभ्यास करायचा असेल, कुठल्या भागात लोक ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहितात ते पाहायचं असेल, तर दुरुस्ती करणारं यंत्र पुरावाच पुसतं. अडचण अशी की फोटोंच्या संचांमध्ये प्रत्येक शब्दाला एकच ‘खरं उत्तर’ असतं, आणि ते लिहिणाऱ्याने पाटीवर होतं तसं लिहिलं की नकळत शुद्ध केलं हे कळायला मार्ग नसतो. माणसाचा हात दुरुस्ती करतोच. ‘दुध’ बघून ‘दूध’ टाइप होतं. मी म्हणून माझ्या नोंदींत दोन रकाने ठेवतो: ‘लिहिलेलं’ आणि ‘अभिप्रेत’. बहुतेक ओळींत दोन्ही सारखेच असतात, काम थोडंच वाढतं. पण यंत्र कशाशी जुळलं ते सांगता येतं. पहिल्याशी जुळलं आणि दुसऱ्याशी नाही, तर त्याने वाचलं. उलट असेल तर त्याने ओळखलं.

यंत्र वाचतंय की अंदाज लावतंय हे तपासायची एक स्वस्त युक्ती आहे, आणि ती निबंधांत सक्तीची करावी असं मला वाटतं. जोड्या घ्यायच्या: सुऱ्या/सुर्या, दऱ्या/दर्या, आचाऱ्यास/आचार्यास. एकाच ढंगात, एकाच रंगसावलीत, फक्त तेवढं एक चिन्ह बदलून दोन्ही चित्रं बनवायची, आणि शब्द सुटा द्यायचा, आजूबाजूची पाटी न दाखवता. दोन्ही चित्रांना एकच उत्तर आलं तर तिथे डोळ्यांचा संबंध नाही. गुण जोडीला द्यायचे, एकेका शब्दाला नाही; म्हणजे डोळे मिटून नेहमी ‘दऱ्या’ म्हणणाऱ्याला शून्य मिळतं, निम्मे नाही.

आणि मोजायचं कशात? माझं मत: अक्षरात, म्हणजे जोडाक्षर आणि त्याची मात्रा मिळून एक. वरच्या `sarkha` मधून गेल्यावर ‘सुऱ्या’ची अक्षरं दोन, सु आणि ऱ्या. A, B, C यांची चूक शून्य, D ची दोनपैकी एक, म्हणजे ५० टक्के. हा आकडा पाटी वाचणाऱ्या माणसाच्या अनुभवाशी जुळतो. करून पाहणार असाल तर एक सूचना: युनिकोडच्या तयार ‘ग्राफीम’ विभागणीवर डोळे झाकून विसंबू नका. २०२३ च्या १५.१ आवृत्तीच्या आधीच्या नियमांत जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं, ‘ऱ्’ वेगळा आणि ‘या’ वेगळा. तुमच्याकडची लायब्ररी कुठले नियम पाळते ते एका शब्दावर आधी तपासा.

अक्षरात मोजण्याचा तोटाही आहे. ‘र्त्स्न्य’सारखं लांब जोडाक्षर एका बारीक चुकीने पूर्ण चुकलेलं धरलं जातं. पाट्यांवर अशी अक्षरं क्वचितच येतात, म्हणून मी तो पत्करतो. पोथ्यांसाठी पत्करला नसता.

काही पाट्यांना यातलं काहीच लागू पडत नाही. माझ्याकडच्या एका फोटोत तोच ‘सुऱ्या’ आहे, पण र चा तुकडा शिरोरेषेच्या बरोबर मध्यावर आहे, अर्धा वर, अर्धा खाली. पेंटरला दोन्हीपैकी काय म्हणायचं होतं ते पाटीवरून ठरत नाही. त्या ओळीत ‘अभिप्रेत’च्या रकान्यात मी सुऱ्या लिहिलंय, आणि ‘लिहिलेलं’च्या रकान्यात दोन्ही रूपं, मध्ये तिरपी रेघ देऊन. गुण मोजताना त्यातलं कुठलंही आलं तरी बरोबर धरतो.